एकशे साडेएकोणचाळीस

“शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के. त्यात एक कमी नाई, एक जास्त नाई. सरकारं बदलतील, जंगल सरेल, हे बदलणार नाई.”

असं हरिदासभाऊ गडचिरोलीच्या आपल्या संस्थेत नव्या पोरापोरींना पहिल्याच दिवशी सांगत. संस्था सर्वेक्षणं करून अहवाल छापून देई. आणि आज त्यांच्याच सहीने छापून आलेल्या अहवालात, पान चौदावर, एका ओळीची बेरीज एकशे साडेएकोणचाळीस भरत होती.

ती बेरीज संघप्रियाने केली. तक्ते तपासणं हे तिचंच काम. पण छपाईच्या आठवड्यात तिला सिरोंच्याला तेलुगू फॉर्म तपासायला पाठवलं होतं, आणि तक्ता प्रफुलने लावला. ती आली तेव्हा अहवालाच्या चाळीस प्रती स्पायरलसकट टेबलावर बसलेल्या होत्या, आणि तीन वाजता जिल्ह्याच्या साहेबांसमोर बैठक होती.

तक्ता साधा होता. दोन वर्षांत ज्या घरातली बाई बाळंत झाली, अशी चारशे घरं. आडव्या ओळी दोन: रस्त्यावरची गावं आणि नदीपलीकडची आतली गावं. उभे रकाने दोन: दवाखान्यात आणि घरी. छापलेलं असं:

रस्त्यावरची गावं: दवाखान्यात ८९.५ टक्के, घरी ५० टक्के.
आतली गावं: दवाखान्यात १०.५ टक्के, घरी ५० टक्के.

खाली प्रफुलने ठळक अक्षरात निष्कर्ष लिहिला होता: “घरी होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच आहे.”

“प्रफुल,” ती म्हणाली, “रस्त्यावरच्या गावात शंभर बायांपैकी साडेएकोणनव्वद दवाखान्यात गेल्या आणि पन्नास घरीच राहिल्या. ह्या बाया किती झाल्या?”

प्रफुलने मनातल्या मनात बेरीज केली आणि त्याचा चेहरा पडला. “मॅडम, गेल्या साली धानाच्या अहवालाले जो नमुना होता, तोच वापरला. त्यात टक्के रकान्यावर निघत.”

“आणि मूळ आकडे?”

“हरिदासभाऊनं काढाले सांगतले. म्हणे तक्ता सुटसुटीत दिसला पाहिजे.”

संघप्रियाने फॉर्मचे गठ्ठे उतरवून घेतले. संगणकावर तिचा विश्वास होता, पण तो माणसांवर जितका असतो तितकाच. आतल्या गावांचा गठ्ठा ऐंशी फॉर्मचा: बत्तीस दवाखान्यात, अठ्ठेचाळीस घरी. रस्त्यावरचा तीनशे वीसचा: दोनशे बहात्तर दवाखान्यात, अठ्ठेचाळीस घरी. घरची बाळंतपणं एकूण शहाण्णव. त्यातली अर्धी इकडची, अर्धी तिकडची. प्रफुलचे पन्नास-पन्नास ते हे. पण ओळीवर टक्के काढले, तर आतल्या गावात शंभरातल्या साठ बाया घरी बाळंत होत होत्या, रस्त्यावर पंधरा.

आतल्या गावांतले फॉर्म बुधरीने भरले होते. ती त्याच नदीपलीकडच्या कोरेमेट्ट्याची. सकाळपासून प्रवासखर्चाची पावती घेऊन बाकावर बसली होती. ती उठून जवळ आली.

“मॅडम, खोली व्हते ना आमच्याकडे? बाया बोलतच नव्हत्या. मी सांगतलं, खरं सांगा, पावसाच्या आधी दवाखान्यापाशी राहाले माहेरघर भेटते. तवा बोलल्या.”

प्रश्न तेवढाच होता. यंदा एकच माहेरघर मंजूर व्हायचं होतं. नदी चढायच्या आधी दिवस भरलेल्या बाईला येऊन राहता येईल अशी खोली. ते नदीकाठच्या आरोग्य केंद्रापाशी व्हायचं की रस्त्यावरच्या मोठ्या गावात, हे पान चौदा ठरवणार होतं.

हरिदासभाऊंनी तिचं सगळं शांतपणे ऐकलं. मग चष्मा कपाळावर सरकवला.

“एका ओळीत साडेएकोणचाळीस जास्त?”

“हो भाऊ.”

“आणि दुसरीत?”

“दुसरीची बेरीज साडेसाठ. साडेएकोणचाळीस कमी.”

“मंग झालं ना वं! इकडले तिकडे गेले. एकूण दोनशे भरते. दोन ओळी, दोनशे टक्के.”

“भाऊ, तक्त्यातले पन्नास टक्के खरे धरले तर आतल्या गावात घरची बाळंतपणं चाळीस होतात. फॉर्म अठ्ठेचाळीस आहेत. रस्त्यावरच्या गावात एकशे साठ होतात, आणि सगळ्या सर्वेक्षणात मिळून शहाण्णवच आहेत. दवाखान्यात गेलेल्या आतल्या बाया आठ पूर्णांक चार निघतात.”

हरिदासभाऊ पॉइंट चारवर जरा थांबले. माणूस निर्दय नव्हता. “असं कर,” ते म्हणाले, “आतल्या ओळीत एक रकाना वाढव. ‘माहिती नाही, साडेएकोणचाळीस.’ ओळ शंभर भरते.”

“आणि वरच्या ओळीत? ‘माहिती जास्त’?”

“तू लय चिरफाड करून राह्यली,” ते म्हणाले, आणि पाणी प्यायले. “बैठकीत तूच बोल. मी अडवत नाई.”

तीन वाजताची बैठक सव्वाचारला सुरू झाली. संघप्रियाने नवा तक्ता एका कागदावर हाताने काढून नेला होता: प्रत्येक चौकटीत मूळ आकडा, खाली ओळीचा टक्का, त्याखाली रकान्याचा. कोणताही टक्का त्याच्या बेरजेने गुणला की मूळ आकडा परत मिळे.

साहेबांनी कागद नीट पाहिला. दोन बोटं दोन चौकटींवर ठेवली.

“अठ्ठेचाळीस,” ते म्हणाले. “आणि अठ्ठेचाळीस. अहो, मग सारखंच तर आहे.”

“सर, तुम्ही धानपट्ट्यातल्या मूल गावचे ना? मिलवर एका शेतकऱ्याची ऐंशी पोती गेली, अठ्ठेचाळीस भिजली. दुसऱ्याची तीनशे वीस गेली, त्याचीही अठ्ठेचाळीस भिजली. दोघांचं नुकसान सारखं काय?”

साहेबांनी पुन्हा पाहिलं. त्यांना कळलं. ते कळताना दिसलं, आणि संघप्रियाचा श्वास जरा मोकळा झाला.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “साठ आणि पंधरा. फारच फरक आहे.”

“म्हणजे माहेरघर नदीकाठी…”

“ते सोमवारीच गेलं हो. तुमच्या भाऊंनी पीडीएफ आधीच पाठवली होती ना. दोन्हीकडे सारखी गरज, मग जागा जिथे तयार तिथे. रस्त्यावर जागा होती.” त्यांनी कागदाची व्यवस्थित घडी घातली. “पुढचं सर्वेक्षण तीन वर्षांनी. तेव्हा हे नक्की लक्षात घेऊ.”

हरिदासभाऊ खिडकीबाहेर पाहत होते. तिथे भिंत होती.

संघप्रिया बाहेर आली. बुधरी व्हरांड्यात उभी होती. संघप्रियाच्या हातात कागद नव्हता, हे तिने पाहिलं.

“त्या अठ्ठेचाळीस जणीले मी काय सांगू?” ती एवढंच म्हणाली.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. साहेब स्वतः दारापर्यंत आले आणि तिला हाक मारली, “मॅडम, एक मिनिट!”

ती इतक्या झटकन वळली की बुधरीही सोबत वळली.

“मॅडम,” साहेब म्हणाले, “तुमच्याकडे बारीक पिनचा चार्जर आहे काय?”