उभ्या फोनात न मावणारी वेणी

शर्टाच्या दोन बटणांना डोळे आणि खिशाला तोंड समजून चित्र आपोआप छाटणाऱ्या प्रोग्रामनं त्यातल्या पोरीचं पोट तेवढं ठेवलं होतं आणि डोकं उडवलं होतं. बाईचा चेहरा तर चित्रात उरलाच नव्हता.

मला हसू आलं आणि मी ते तसंच गिळलं. आतल्या खोलीत सासूबाई गाणं म्हणत माझ्या लेकीला थोपटत होत्या आणि त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता. म्हणजे ती झोपायच्या बेतात होती. लेकीची झोप म्हणजे माझं ऑफिस. ती उठली की ऑफिस बंद.

चित्र माझ्या नणंदेचं. घरात तिला सगळे बारकी म्हणतात. आता ती दारातून वाकून येते इतकी उंच झालीये, पण नाव काही वाढलं नाही. चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळते आणि उरल्या वेळात चित्रं काढते. सपाट रंगाचे मोठे मोठे आकार, नाक म्हणजे एक कोपरा, मिटलेला डोळा म्हणजे एक रेघ, आणि सगळ्यावर रवाळ कागदासारखा खरखरीत पोत. एका फोन कंपनीनं त्यांच्या नव्या फोनांमध्ये आधीपासूनच घालून द्यायच्या वॉलपेपरांसाठी तिचं चित्र निवडलं होतं. खाली कोपऱ्यात तिचं नाव येणार होतं. तिच्या चित्राखाली नाव छापून येण्याची ही पहिलीच वेळ. मी अशीच कामं घरून करते, म्हणून चित्र वेगवेगळ्या पडद्यांवर बसवायचं काम माझ्याकडे आलं. आज कंपनीचं ऑफिस बंद व्हायच्या आत सगळे आकार तपासून पास झाले नाहीत, तर दुसऱ्या कुणाचं तरी तयार चित्र तिथे जाणार होतं.

चित्र आडवं होतं. डाव्या टोकाला उशीवर झोपलेल्या बाईचा चेहरा. तिची वेणी उशीवरून निघून अख्ख्या चित्रभर नदीसारखी पसरत उजव्या टोकाला जाते. तिथे जमिनीवर एक छोटी पोर बसलीये, हातात कंगवा, आणि ती वेणीचं शेवटचं टोक विंचरतेय. बस, एवढंच.

टॅब्लेट आडवा धरला की ते जवळजवळ तसंच बसत होतं. घडी घालायचा फोन उघडल्यावर चौकोनी होतो, तिथे काही छाटण्यापेक्षा मी वरखाली भिंत आणि जमीन वाढवली. नुसता रंग ओतला असता तर जोड दिसला असता, म्हणून तोच खरखरीत पोत उचलून पसरला. आणि घडीची रेघ बाईच्या चेहऱ्यावरून न जाता वेणीवरून जाईल असं चित्र सरकवलं. सगळं सुरळीत झालं.

राहिला साधा, उंच फोन. म्हणजे ज्यावर सगळेच बघणार तो.

पूर्ण चित्र बसवलं तर मधोमध एक पट्टी, आणि बाईचं तोंड वाटाण्याएवढं. चेहरा मोठा ठेवला तर पोर बाहेर. दोन्ही बाजूंनी दाबलं तर बाईचं डोकं काकडी. त्यात वर घड्याळाचे मोठे आकडे येतात, तिथे चेहरा चालत नाही. खाली आयकॉनची रांग येते, तिथे काहीच चालत नाही.

बारकीकडे चित्राचे सुटे थरही उरले नव्हते. तिचा जुना कॉम्प्युटर बंद पडला होता आणि माझ्याकडे होती ती सगळं एकात मिसळलेली फाइल. मी पोरीला कडेकडेनं कापून वेगळं काढलं, वेणीचा मधला बराच भाग गाळला आणि पोर सरळ उशीपाशी आणून बसवली.

काय सुंदर दिसलं सांगू! आईच्या गालाशी पोर, हातात वेणीचं टोक. चेहरा घड्याळाच्या खाली, पोर आयकॉनच्या वर, दोघी मोठ्या आणि ठसठशीत. बारकीला दाखवावं म्हणून फोन लावला, पण दुकानात तिचा फोन ड्रॉवरमध्ये असतो. दोनदा वाजून बंद झाला. तेवढ्यात कंपनीतल्या तपासणीच्या बाईंचा मेसेज आला, ‘उंच आकार राहिलाय, पाठवताय ना?’ मी पाठवून दिला.

थोड्याच वेळात उत्तर आलं. ‘पास. फार गोड झालंय.’

मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.

जेवणाच्या सुट्टीत बारकी धापा टाकत आली. चपला दारातच उडवल्या.

“वहिनी, काय झालं? दोन मिस्ड कॉल! माझा तर जीवच गेला.”

“पास झालं! सगळे आकार पास!” मी कुजबुजत ओरडले आणि माझा फोन तिच्यापुढे धरला.

ती बघत राहिली. मला वाटलं, आनंदानं बघतेय. मग तिनं फोन जवळ नेला, लांब नेला.

“वेणी कुठाय?”

“आहे की. थोडी कमी केली. उंच फोनात मावेना गं. पण कुणालाच छाटलं नाहीये. चेहरा आहे, पोर आहे, कंगवा आहे.”

“हो,” ती म्हणाली. “सगळं आहे.”

तिनं फोन टेबलावर ठेवला, पाणी प्यायली, परत फोन उचलला.

“अगं बोल ना. आवडलं नाही?”

“आई रात्रपाळीला जायची ना,” आतल्या खोलीकडे बघत ती अगदी हळू म्हणाली, “तेव्हा दिवसा झोपायची. दादा शाळेत. मी एकटी. मला तिच्याजवळ जायचं असायचं, पण जवळ गेलं की ती जागी व्हायची. म्हणून मी लांब बसायची, अगदी लांब, आणि केसांचं जे टोक कॉटवरून खाली यायचं ना, तेवढंच धरायची.” तिनं बोटानं पडद्यावरची पोर झाकली. “ही जवळ बसलीये, वहिनी. ही खेळतेय. माझी पोर खेळत नाहीये. ती आईला झोपू देतेय.”

मी आतल्या खोलीकडे कान दिला. सासूबाईंचं गाणं केव्हाच थांबलं होतं.

“त्यांना माहितीये? चित्र त्यांचं आहे ते?”

“छे! सांगितलं तर म्हणेल, माझं नाक असं आहे का?”

आम्ही दोघी हसलो, पण ते हसू टिकलं नाही. ती परत फोनकडे बघायला लागली. “राहू दे,” ती म्हणाली. “पास झालंय ते झालंय. गोड आहे. कोणाला काय कळणार आहे?”

“तुला कळेल.”

“माझ्या एकटीच्या कळण्यानं काय होतंय! नाव तर येईल.”

चूक माझी होती, पण चित्र तिचं होतं. ठरवायचं तिनंच होतं. ती उठली, एक चप्पल पायात घातली आणि दारातच उभी राहिली. बराच वेळ. मग चप्पल काढली.

“लाव त्या बाईंना फोन.”

तपासणीच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आवाज रागीट नव्हता, थकलेला होता. “पास झालेलं परत घेताय? बघा हं, परत घेतलं की ते चित्र माझ्या रांगेतून जातं. नवीन आलं तर पहिल्यापासून तपासावं लागणार. आणि आज झालं नाही तर माझ्या हातात काही नाही. दुसरं चित्र तयारच आहे.”

मी बारकीकडे बघितलं. तिनं हो म्हणून मान हलवली.

“परत घेतो, मॅडम,” मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर बारकी म्हणाली, “आता सांग, कसं करायचं?”

“ते मला कुठे माहितीये?”

“वा! छान!”

तिनं दुकानात फोन करून अर्धी सुट्टी टाकली. आम्ही चित्र समोर लावून बसलो. लांब वेणी आडवी मावत नव्हती, पण पडद्याला उंची भरपूर होती. वेणी खाली सोडता येईल का? अख्खं चित्र उभं फिरवलं तर बाई झोपलेली न दिसता उभी दिसली. ते बाद. मग मी चेहरा आणि उशी तशीच आडवी ठेवली, घड्याळाच्या खाली, आणि वेणी उशीवरून उजवीकडे नेऊन कॉटच्या कडेवरून खाली वळवली. तिथून ती जमिनीवर डावीकडे जाते, पुन्हा उजवीकडे वळते आणि पोरीपाशी पोचते. वेणीचा एकेक पेड सुटा कापून वळवत गेले. एकही पेड गाळायचा नाही, असं बारकीनं बजावलं होतं.

“थांब, थांब,” ती मध्येच म्हणाली. “ही खोटी दिसतेय.”

खरंच दिसत होती. मूळ चित्रात उजेड वरून येत होता, म्हणून प्रत्येक पेडाची वरची कड चमकत होती. पेड वळवले तशी ती चमकही त्यांच्याबरोबर वळली होती. आता अर्ध्या वेणीवर उजेड भिंतीतून येत होता आणि अर्ध्या वेणीवर जमिनीतून.

“सरक,” म्हणून तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं. मी जुनी चमक पुसायची, तिनं नवी काढायची आणि मी त्यावर पोत चढवायचा. आमची खांदे घासत धांदल चालली होती. मध्येच लेक उठली आणि भोकाड पसरलं. मी अर्धी उठले, तर सासूबाई आतून म्हणाल्या, “मी बघते गं. तुमचं चालू दे.” त्या तिला घेऊन गॅलरीत गेल्या.

पाठवलं. उत्तर लगेच आलं.

‘मुलीचे पाय आणि कंगवा आयकॉनच्या रांगेखाली जातायत. असं पास करता येणार नाही.’

बारकीनं डोकं टेबलावर टेकवलं. “वर घे तिला.”

“वर घेतली तर ती जवळ येईल.”

“मग वळण वाढव. वेणी तेवढीच. फक्त ती जास्त फिरून येईल.”

बाहेरचा उजेड उतरायला लागला होता. जमिनीवर वेणीचं आणखी एक वळण घातलं, पोर आयकॉनच्या वर घेतली आणि अगदी उजव्या कडेला सरकवली, पण कडेपासून थोडी जागा सोडून, कारण काही फोन कडेचं थोडं चित्र खातात. बारकी घाईघाईनं नवी चमक काढायला लागली. रेघ हलू नये म्हणून मी तिचं मनगट खालून धरून ठेवलं.

परत पाठवलं. आणि मग काहीच नाही. फोन पालथा ठेवला, सुलटा ठेवला. बारकी नखं खात होती. तिनं वीस वेळा तरी विचारलं असेल, “बंद झालं असेल का ऑफिस?”

फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

“मी माझ्या फोनवर लावून बघतेय,” तपासणीच्या बाई म्हणाल्या. मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते, लोक घरी निघाले होते. “घड्याळ ठीक. खालची रांग ठीक. पण मला सांगा, ही मुलगी एवढी लांब का बसलीये?”

बारकीनं माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे तोंड करून म्हणाली, “आई उठू नये म्हणून.”

पलीकडे आणखी एक खुर्ची सरकली.

“बसू दे मग,” त्या म्हणाल्या. “पास करतेय.”

बारकी उठलीच नाही. टेबलावर दोन्ही हात पसरून तशीच बसून राहिली. सासूबाई माझ्या लेकीला कडेवर घेऊन आत आल्या, आमची तोंडं बघून घाबरल्या, आणि मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. बघितलं. खूप वेळ बघितलं.

“पोरीला नुसत्या फरशीवर बसवलंय होय गं?” त्या म्हणाल्या. “काहीतरी घाला तिच्याखाली. गार असते फरशी.”