रुमालाखालचा हात

आसाराम काष्टीच्या बैलबाजारातले जुने दलाल. रुमालाखाली बोटं दाबून सौदा कसा करायचा, हे त्यांनी लेकीला, रोहिणीला, लहानपणीच शिकवलं होतं.

हल्ली ते विसरू लागले होते. वकिलांनी बजावलं होतं, "मुखत्यारपत्र माणूस भानावर असेपर्यंतच चालतं, पुढं ते नुसता कागद. खातंही आत्ताच दोघांच्या नावे करा, कुणीही एकट्यानं व्यवहार करू शकेल असं."

"सगळं समजलं ना, बाबा?" बँकेतल्या साहेबांनी विचारलं.

"डोकं शाबूत हाय, म्हनूनच सही करतोय!" आसाराम खेकसले.

सही झाल्यावर त्यांनी खांद्यावरचा रुमाल रोहिणीच्या हातावर टाकला आणि आतून तिची बोटं धरली.

"बोली किती, अण्णा?" ती हसली.

"बोली न्हाई, पोरी. हात ध्यानात ठेवतोय."