साडूने उघडलेला फ्रीज

माझं आणि माझ्या साडूचं आजवर एकदाही भांडण झालेलं नाही. भांडायला दोघं लागतात आणि तो भांडतच नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

मी बावीस वर्षं फ्रीज, वॉशिंग मशीन आणि एसी दुरुस्त करतो. साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आधी घरोघरी झुरळांचं औषध फवारत फिरायचा. चार वर्षांपूर्वी त्याच्या लक्षात आलं की झुरळं भिंतीत कमी आणि यंत्रांत जास्त राहतात. फ्रीजच्या मागे मोटर गरम, तिच्यावरच्या ट्रेमध्ये पाणी, वर अंधार. त्यांना आणखी काय हवं? तेव्हापासून तो फक्त यंत्रांतली झुरळं आणि उंदीर काढतो. म्हणजे माझ्याच अंगणात येऊन बसला.

बसला तो बसला, वर नावही कमावलं. एका दवाखान्यातल्या एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये उंदीर वायरी कुरतडत होता. मी दोनदा नवी वायर टाकून आलो. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावलं. त्याने मेन स्विच बंद करून युनिट उघडलं, मास्क आणि हातमोजे घातले, कागदाच्या कपट्यांचं घरटं आधी जंतुनाशकाने भिजवलं आणि मगच उचललं. पाइप भिंतीत शिरतो तिथलं भोक त्याने तारेची जाळी ठोसून सिमेंटने बुजवलं. हवेच्या वाटेला मात्र जाळी लावली नाही, कारण युनिटचा श्वास कोंडला तर ते गरम होऊन बंद पडतं. नंतर बाई मला म्हणाल्या, "तुमचे साडू मुळावर घाव घालतात हो." म्हणजे मी फांद्या छाटत होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सासूबाईंनी ती गोष्ट सगळ्या नात्यात सांगितली. तोवर त्यांच्या घरातलं यंत्र म्हटलं की मोठे जावई, म्हणजे मी, असा रिवाज होता. तेवढा मान तरी माझ्याकडे राहावा, एवढंच मला हवं होतं.

मग मला एक गोष्ट खटकू लागली. मी ज्या घरी फ्रीज किंवा मशीन दुरुस्त करून यायचो, तिथे दोन-अडीच महिन्यांनी झुरळं व्हायची आणि साडूला बोलावणं जायचं. शिक्षिकाबाईंकडे तसंच, शिंप्याकडे तसंच, कोपऱ्यावरच्या बेकरीत तसंच. योगायोग एकदा होतो, दोनदा होतो. हा माणूस माझ्या मागे फिरून झुरळं सोडतो आणि मग तीच काढून वाहवा मिळवतो, अशी माझी खात्री पटली. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय, त्याला ओवा घ्या."

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या फ्रीजमागे झुरळं निघाली. दोन महिन्यांपूर्वी मीच त्याचा रिले, म्हणजे मोटर चालू करणारा छोटा स्विच, बदलला होता. त्यांनी फोन केला तो धाकट्या जावयाला. मी खांद्याला पिशवी अडकवली आणि न बोलावता गेलो. आज याचे हात नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, असं ठरवूनच गेलो.

"बरं झालं आलात, दादा," तो म्हणाला. मला दादा म्हणतो. तेही मला झोंबतं.

त्याने प्लग काढला आणि फ्रीज पुढे ओढला. सासूबाईंनी फवाऱ्याचा डबा आणून दिला. मी म्हटलं, "मारा की. एका मिनिटात काम."

"नको, दादा. नव्या फ्रीजमधला गॅस पेट घेतो, फवारासुद्धा पेट घेतो, आणि इथे स्विच ठिणगी टाकतो. शिवाय फवाऱ्याने ती मरतात थोडी आणि आत पळतात जास्त."

हे मलाही माहीत होतं. तो चुकावा म्हणूनच मी बोललो होतो.

मागच्या झाकणाचा एक स्क्रू त्याच्या पेचकसाला दाद देईना. मूळचा हरवला म्हणून मीच तिथे दुसरा ठोकला होता. "हा तुमचा आहे. तुमच्या पिशवीतलाच पेचकस लागेल," तो म्हणाला.

मी ऐटीत पिशवी फरशीवर ठेवली. जाड कापडाची, पंधरा वर्षांची, माझी लाडकी पिशवी. तिच्यात मी घरोघरचे जुने रिले, जळकी सर्किटं आणि वायरींचे तुकडे साठवतो. कधी ना कधी उपयोगी पडतात. हात आत घातला आणि मनगटावरून एक बारीक झुरळ धावलं. त्यामागून दुसरं. पांढऱ्या फरशीवर ती चांगलीच उठून दिसली. सासूबाई तेव्हा चहा टाकायला वळल्या होत्या.

साडूने खाली कागद अंथरला आणि पिशवीचा कोपरा हळूच झटकला. तांदळाच्या दाण्याएवढ्या तपकिरी कुप्या पडल्या, बऱ्याचशा रिकाम्या. "एकेका कुपीत तीस-चाळीस पिल्लं असतात," तो हळू आवाजात म्हणाला. "मादी जुन्या सर्किटात बसून पिशवीत येते. तुम्ही दुसऱ्या घरी पिशवी मोटरशेजारी ठेवता. तिला ऊब लागते, ती उतरते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा माझ्या खांद्यालाच लटकत होता.

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"शिंप्याच्या घरापासून संशय होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

त्याने माझी पिशवी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं. बारक्या नळीच्या व्हॅक्यूमने मोटरभोवतीची झुरळं ओढली, ट्रे काढून धुतला, आणि सर्किटापासून लांब, कोपऱ्याकोपऱ्यांत मोहरीएवढे विषारी जेलचे ठिपके लावले. "हे खाऊन ती आपापल्या बिळात मरतात आणि बाकीची त्यांना खाऊन मरतात," तो म्हणाला. मग शेजारच्या वॉशिंग मशीनच्या तळाशी वाकून, उघडं राहिलेलं भगदाड उंदरासाठी आयतंच दार आहे म्हणून तिथे बारीक जाळी बसवली. ते भगदाड मला सात वर्षांत दिसलं नव्हतं.

सासूबाई चहा घेऊन आल्या. "कुठून आली हो ही झुरळं?"

"मोरीच्या जाळीतून, आई," साडू म्हणाला आणि कप उचलला.

माझा मान वाचला. मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काम याचं, अक्कल याची, आणि आता मोठं मनही याचंच? निदान एक गोष्ट तरी मी त्याला एकट्याला मिळू देणार नव्हतो.

"मोरीतून नाही," मी म्हणालो. "माझ्या पिशवीतून आली. माझ्यामुळेच आली. इतरांच्या घरीही मीच नेली."

एवढं खरं बोलायला छाती लागते. मी सासूबाईंकडे पाहत राहिलो. त्यांनी बांधलेल्या पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्यांचे डोळे भरून आले.

"पाहिलंत?" त्या धाकट्या जावयाच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाल्या. "तरीसुद्धा यांनी तुमचं नाव घेतलं नाही."