डोळे पांढरे, घसा लाल

नणंद रोज सकाळी आरशासमोर उभी राहून खालची पापणी बोटाने ओढायची आणि डोळ्याचा पांढरा भाग तपासायची. गोळी सुरू झाल्यापासून एक सकाळ चुकली नव्हती. मग स्वयंपाकघरात येऊन जाहीर करायची, "पिवळे नाहीत. यकृत ठणठणीत!"

वहिनीला हे ऐकून ऐकून वीट आला होता. घरात सगळे या नणंदेला बाईसाहेब म्हणत. एक म्हणजे ती प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि दुसरं म्हणजे शिकवणं तिला घरीही बंद करता येत नसे. तिची थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती. हात थरथरायचे, छाती धडधडायची, वजन उतरलं होतं. तिचा नवरा कामासाठी बाहेरगावी आणि ती माहेरी, म्हणून दवाखान्यात बरोबर गेली होती ती वहिनीच. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली आणि मग पेन खाली ठेवून दोघींना समजावलं होतं.

"डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खूप खाज सुटली, पोटात उजवीकडे दुखलं, तर लगेच कळवा. गोळीचा यकृताला त्रास होऊ शकतो. आणि ताप आला, घसा दुखला, तोंडात फोड आले, तर गोळी तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. क्वचित होतं, पण झालं तर थांबायला वेळ नसतो. एरवी मात्र एकही गोळी चुकवू नका."

बाईसाहेबांनी यातलं काय डोक्यात ठेवलं? डोळे आणि शेवटचं वाक्य. मधलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. लहानपणी शेजारच्या काकांना कावीळ झालेली तिने पाहिली होती, त्यामुळे पिवळ्या रंगाची तिला धास्ती. घशाची मात्र मुळीच नाही. पन्नास पोरांवर ओरडणाऱ्या बाईचा घसा दुखला तर त्यात नवल ते काय? त्यातून शाळेचं स्नेहसंमेलन तोंडावर आलेलं, रोज नाटकाची तालीम.

त्या सकाळी ती नेहमीसारखी आरशासमोर गेली, पण जाहीर काही केलं नाही. खुर्चीवर येऊन बसली आणि चहाचा पहिला घोट घेताना तिचा चेहरा वेडावाकडा झाला. कप तसाच खाली ठेवला.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. घसा बसलाय."

"कधीपासून?"

"झाले तीन-चार दिवस. गुळण्या करतेय."

वहिनीने तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "अगं, तापली आहेस तू!"

"रात्री तापाची गोळी घेतली होती. उतरला होता. आता परत घेते." तिचा आवाज अगदी खोल गेला होता. "छातीही फार धडधडतेय. म्हणून काल थायरॉईडची गोळी एक जास्तच घेतली."

वहिनीच्या हातातला चमचा ओट्यावर आपटला. "जास्त घेतलीस? थांबवायची सोडून जास्त?"

"एकही चुकवू नका म्हणाल्या होत्या त्या."

"आणि ताप आला तर थांबवा, हे कोणाला म्हणाल्या होत्या? मला? गोळी मी खाते?"

"वहिनी, उगाच घर डोक्यावर घेऊ नकोस. मागच्या आठवड्यात रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी छान होत्या. आणि डोळे बघ, एकदम स्वच्छ."

"डोळे! चोर सोडून संन्याशाला फाशी! आ कर."

बाईसाहेबांनी नाइलाजाने तोंड उघडलं. आत जिभेच्या कडेला आणि गालाला पांढरट फोड होते. घसा लालबुंद. वहिनीने संताप गिळून दवाखान्यात फोन लावला.

दवाखान्यातल्या परिचारिकेने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "आजची गोळी घेतली? नाही? मग घेऊच नका. आमच्याकडे येऊ नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. आणि घसा दुखतोय असं सांगू नका, थायरॉईडची गोळी चालू आहे आणि ताप आहे, हे आधी सांगा."

"मला दोन वाजता तालीम आहे," बाईसाहेब पुटपुटल्या.

"पायात चप्पल घाल," वहिनी म्हणाली, "नाहीतर अनवाणी नेईन."

रुग्णालयातही सुख नव्हतं. खिडकीतल्या माणसाने पेशंटकडे बघितलं आणि वहिनीने तोंड उघडायच्या आत बाईसाहेब म्हणाल्या, "काही नाही हो, घसा दुखतोय." झालं. त्याने खोकणाऱ्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं. समोरचा गृहस्थ रुमाल न धरता शिंकला. सांगून सांगून तोंडाला फेस यायची वेळ आली, तरी हिचं आपलं तेच! वहिनी पुन्हा खिडकीशी गेली आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिला थायरॉईडची गोळी चालू आहे. ताप आहे, तोंडात फोड आहेत. पांढऱ्या पेशी आत्ता तपासायच्या आहेत. या लोकांत हिला बसवणार नाही मी."

आतून एक तरुण डॉक्टर बाहेर आला. त्याने एकच प्रश्न विचारला, कोणती गोळी, आणि गोळ्यांचं पाकीट पाहताच तिला आतल्या वेगळ्या खोलीत नेलं.

तासाभराने तो परत आला तेव्हा त्याने मास्क लावला होता.

"जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ उरलेल्याच नाहीत," तो म्हणाला. "यकृत ठीक आहे. पण हा साधा संसर्गसुद्धा आता जिवावर बेतू शकतो. दाखल करतोय. शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू."

"पण मागच्या आठवड्यात तर..." बाईसाहेबांचा आवाज चिरकला.

"मागच्या आठवड्यात होत्या. या पेशी बघता बघता कोसळतात. म्हणून तर रिपोर्टवर विसंबायचं नाही, ताप आणि घशावर लक्ष ठेवायचं. आणि धडधड तापानेही वाढते, त्यासाठी ती गोळी वाढवायची नसते. आता ही गोळी तुम्हाला आयुष्यात परत नाही. तिच्या जातीची दुसरीही नाही. थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया, ते नंतर बघू. धडधडीवर वेगळं औषध देतो."

पुढचे दिवस वहिनी काचेच्या दाराबाहेर बसून होती. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. एका दुपारी नणंदेला धड कोणाची ओळख पटेना, तेव्हा वहिनी जिन्यात जाऊन रडली आणि रडतानाही तिला शिव्या देत राहिली. मग एकदाचा ताप हटला. पेशी थोड्या दिसू लागल्या, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. डॉक्टर पहिल्यांदा हसला.

त्या संध्याकाळी वहिनीला मास्क लावून आत सोडलं. बाईसाहेब उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा एवढासा झालेला, पण भुवया मास्तरणीच्याच.

"वहिनी, डॉक्टरांना विचार ना, परवा सोडतील का? संमेलन आहे. दुसऱ्या बाईंना पोरं जुमानत नाहीत."

इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं सगळं वहिनीच्या तोंडून फुटलं. "शाळेला दुसरी बाई मिळेल गं! मला दुसरी नणंद कुठून मिळणार?"

बाईसाहेबांनी वहिनीचा हात ओढून आपल्या घशावर ठेवला आणि म्हणाल्या, "अजून दुखतोय."

"कळलं," वहिनी म्हणाली. "सांगितलंस, बरं केलंस."