मिनिमोलला पडलेले तीनशे चाळीस

केरळातल्या पाला गावच्या मिशन हॉस्पिटलमध्ये मेल वॉर्डात मिनिमोल सिस्टरचा शब्द म्हणजे डॉक्टरच्या शब्दाच्या वरचा. डॉक्टर राउंडला येऊन 'कसं वाटतंय' विचारून जायचे; उठायचं कधी, आंघोळ कधी, कांजी किती प्यायची आणि भेटायला आलेल्या मामाला किती वेळ बसू द्यायचं, हे मिनिमोल ठरवायची. तिच्यापुढे रबराच्या मळ्यांचे मालक असलेले भलेभले प्लँटरसुद्धा निमूटपणे गोळी गिळत. अशा बाईला बोलण्याच्या परीक्षेत कमी गुण पडले, ही बातमी नर्सिंग स्टेशनवर पोहोचली तेव्हा दोघीतिघींना खोकल्याची उबळ आली. खोकला खोटा होता.

परीक्षा ओईटीची, म्हणजे दवाखान्यातल्या इंग्रजीची. इंग्लंडात नर्स म्हणून जायचं तर बहुतेकींना तिच्यावाचून गत्यंतर नाही, आणि पाला-कोट्टयमच्या पट्ट्यात ही तीन अक्षरं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. ऐकणं, वाचणं यांत मिनिमोल झकास पास. लिहिण्यातही निभावलं. तिथे पेशंटच्या नोंदी वाचून पुढच्या दवाखान्याला पत्र लिहायचं असतं. सरावाच्या वेळी मिनिमोल नोंदीतलं एकूण एक पत्रात घालायची, पेशंटच्या बायकोच्या मांजरासकट. "पत्र वाचणाऱ्याला उद्या सकाळी काय करायचंय तेवढंच लिहा, नको ते लिहिलंत तरी गुण जातात," हे क्लासमधलं सांगणं कळायला तिला महिना लागला, पण कळलं. राहिलं बोलणं. त्यात तीनशे पन्नास हवे होते आणि पडले तीनशे चाळीस. इंग्लंडातल्या हॉस्पिटलने तिची निवड केली होती, महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणून कळवलं होतं. तेवढ्या अवधीत एकदाच परत परीक्षेला बसता येणार होतं. नाहीतर जागा दुसरीला.

"इंग्रजी कच्चं म्हणावं तर तेही नाही," मिनिमोल क्लासच्या शिंटा टीचरपुढे तणतणली. "तो समोर बसलेला माणूस खडूस होता. मी एवढं समजावलं, तरी मान हलवत नव्हता. त्यानेच कापले गुण."

शिंटा टीचर तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, तिला चेची, म्हणजे ताई म्हणायची, पण जिभेने तिखट. "चेची, तो बिचारा काहीच कापत नाही. तो फक्त पेशंटचं सोंग घेतो. त्याच्या हातातल्या कार्डावर लिहिलेलं असतं, की लगेच ऐकू नकोस, आढेवेढे घे. तुमचं बोलणं रेकॉर्ड होऊन दुसरीकडे जातं, गुण देणारे तिकडे बसलेले असतात. त्यांना तुमचं गोड हसू दिसत नाही. नुसतं ऐकू येतं."

"मग ऐकू येण्यासारखंच बोलले ना मी!"

"चला, बघू. मी पेशंट. दम्याचा त्रास, नवीन पंप मिळालाय. तीन मिनिटं कार्ड वाचा आणि करा सुरू."

मिनिमोलने कार्ड वाचलं, पदर सावरला आणि सुरू केलं. नाव विचारलं, नि टीचरने तोंड उघडायच्या आत म्हणाली, "तुम्हाला किती कठीण जात असेल, मी समजू शकते." मग पंप कसा हलवायचा, कसा ओढायचा, धूळ टाळा, सिगारेट सोडा, थंड पिऊ नका, सगळं एका दमात. दम्याचा पेशंट टीचर होती, दम मात्र मिनिमोलला लागला. मध्ये टीचर चाचरत म्हणाली, "मला ना, भीती वाटते..." मिनिमोलने तिला शब्द पुरा करू दिला नाही. "काही नाही, काही नाही, घाबरायचं नाही." आणि मग तिने मान वळवून शेजारच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, "बायस्टँडर कोण आहे यांच्याबरोबर?"

सगळा क्लास फुटला. मिनिमोलही हसली, पण जरा उशिरा. आमच्याकडे पेशंटबरोबर घरचं माणूस असतंच, त्याला बायस्टँडर म्हणतात, आणि खरं बोलणं सगळं त्याच्याशी होतं. पेशंट बापडा पलंगावर पडून स्वतःबद्दलच्या गप्पा ऐकतो.

"परीक्षेतल्या खोलीत बायस्टँडर नसतो, चेची," टीचर डोळे पुसत म्हणाली. "आता गुण ऐका. उच्चार कळतात का, ओघ आहे का, प्रसंगाला शोभेल असं बोलता का, व्याकरण आणि शब्द, या चार गोष्टी इंग्रजीच्या. त्यांत तुमचं बरं चाललंय, वेग तेवढा आवरा. पण आणखी पाच गोष्टींचे गुण आहेत. पेशंटशी नातं जोडलंत का, त्याच्या मनात काय आहे ते काढून घेतलंत का, बोलण्याला क्रम आहे का, माहिती नीट विचारलीत का, नीट दिलीत का. ते 'समजू शकते' तुम्ही स्पिरिटच्या बोळ्याआधी सुई टोचावी तसं टोचता. मी काही सांगितलेलंच नव्हतं, समजलं काय तुम्हाला?"

मिनिमोल हातातलं कार्ड उलटंसुलटं करून बघायला लागली.

"इंग्रजी पुरे झालं," टीचर म्हणाली. "घरी मल्याळममध्ये सराव करा. एकच गोष्ट. विचारायचं आणि गप्प बसायचं."

घरी सरावाला पेशंट कोण? नवरा. कुर्याच्चन हा माणूस जन्मजात बोलका. स्वतःचा रबराचा मळा सांभाळायचा, पण गावात नाव होतं ते चर्चच्या पेरुन्नाळला, म्हणजे वार्षिक जत्रेला, माइकवरून घोषणा करणारा म्हणून. हरवलेल्या पोराची घोषणा तो अशी करायचा की पोर सापडल्यावर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात. कुर्याच्चनची तर हवाही खपली असती.

"काय झालंय तुम्हाला?" मिनिमोल जेवणाच्या टेबलाशी बसून विचारायची.

"सिस्टर, बायको छळते."

"इच्चायन!" ती नवऱ्यावर डाफरली. "कार्डावर आहे ते बोला."

"कार्डावर पायाचं हाड मोडलंय. ते तिनेच मोडलंय असं धरून चाल."

एकदा तर टाके काढायला आलेला खुशीतला पेशंट होऊन तो म्हणाला, "मी ठणठणीत बरा झालोय," आणि मिनिमोल सवयीने म्हणाली, "ऐकून फार वाईट वाटलं." त्या दिवशी त्याने ही गोष्ट दुधाच्या सोसायटीपर्यंत पोहोचवली.

परीक्षेला थोडे दिवस राहिले असताना मिनिमोलने नवीन कार्ड काढलं. पेशंटला घरी सोडायचंय, आणि तो जायला तयार नाही. कुर्याच्चन तोंडात केळ्याचे चिप्स टाकत खुर्चीत रेलला.

"उद्या तुम्हाला डिस्चार्ज आहे," मिनिमोल म्हणाली. "तुमच्या मनात काय चाललंय, सांगाल का?" आणि तिने ओठ घट्ट मिटले. मिटून ठेवणं किती अवघड, ते तिच्या नाकपुड्यांवरून दिसत होतं.

कुर्याच्चनने चिप्स चावले. काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. बायको गप्प बसून आपल्याकडे बघतेय, ही गोष्ट त्याला नवीन होती, आणि त्यासाठी त्याची तयारी नव्हती.

"मला जायचं नाही," तो म्हणाला.

"का?"

"तिथे मी कोण?" तो टेबलाकडे बघत होता. "तू जाशील ड्यूटीला. मी त्या थंडीत घरात. दुकानात गेलो तर बोट दाखवून वस्तू मागायची. शेजारी काहीतरी म्हणणार, आणि मी नुसता हसणार. मिनी, मला दुसरं काय येतं? बोलता तेवढं येतं. तेच तिथे नाही."

हे कार्डावर नव्हतं. मिनिमोलला कळायला क्षणभर लागला. तिच्या जिभेवर 'काही नाही हो, घाबरायचं नाही' आलंच होतं. ते तिने गिळलं, आणि गिळताना तिच्या लक्षात आलं, की तिने आधी जायचं, वर्षभराने त्याने यायचं, हे सगळं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. ठरवलं होतं तिने. सांगितलंही तिनेच. तो 'बरं' म्हणाला होता, वॉर्डातल्या प्लँटरांसारखा.

"सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" तिने विचारलं.

"तू माझी लाज वाटून घेशील, याची."

तिला रडू आलं. तिने त्याचा हात धरला आणि दोघं तशीच बसून राहिली. मग कुर्याच्चनच्या आईने, अम्मच्चीने, आतून विचारलं, "आज दोघं भांडत कशी नाहीत?" आणि कुर्याच्चन ओरडला, "पेशंट गेला, अम्मच्ची!"

कोचीत परीक्षेच्या खोलीत समोर एक तरुण मुलगी बसली होती. आधी थोडी इकडची तिकडची बोलणी झाली, त्याला गुण नसतात. कार्डं दोन असतात; दुसऱ्या कार्डावर ती सत्तरीचा म्हातारा झाली. खुबा मोडलेला, एकटा राहणारा, मदतीला बाई नको म्हणणारा. मिनिमोलच्या कार्डावर करायच्या गोष्टींची रांग होती: व्यायाम समजावणं, वॉकर, पडू नये म्हणून घ्यायची काळजी. तिने विचारलं, "घरी परत जायचं म्हणजे तुम्हाला कसं वाटतं?" आणि थांबली. 'म्हातारा' आढेवेढे घेत म्हणाला, परकं माणूस घरात आलं की आपण संपलो. जुनी मिनिमोल असती तर इथे वॉकर काढला असता. तिने विचारलं, "संपलो म्हणजे?" त्याला रोज स्वतःचा चहा स्वतः करायचा होता. मग तिने व्यायामाचं बोलणं त्या चहापासूनच सुरू केलं: स्वयंपाकघरापर्यंत चालायचंय ना, त्यासाठी हे पायांचे व्यायाम. म्हातारा नरमला. वॉकरपर्यंत ती पोहोचली, आणि काळजीच्या सूचना राहिल्याच. वेळ संपली.

"बुडाले," ती बाहेर येऊन फोनवर टीचरला म्हणाली. "यादी पुरी झाली नाही."

"यादी पुरी न झाल्याचे गुण कापत नाहीत, चेची. घाईने सगळं ओतलं की कापतात. घरी जा, झोपा."

निकाल आला. तीनशे ऐंशी. अम्मच्चीने मेणबत्ती लावली, कुर्याच्चनने अंगणात उभं राहून, माइकशिवाय, तीन घरं पलीकडच्या वर्गीसला ऐकू जाईल अशी घोषणा केली. शेजारी आले, कॉफी झाली, सगळे गेले. मिनिमोल पायरीवर त्याच्याशेजारी येऊन बसली.

"इच्चायन, एक विचारू?"

"आता कसली परीक्षा? पास झालीस ना."

"तुम्हाला तिकडे यायचंय का?"

ती थांबली. आत अम्मच्ची भांडी आवरत होती, ती आवरून झाली, तरी ती थांबली.

"माहीत नाही," कुर्याच्चन म्हणाला. "तू आधी जा. मग मला परत विचार." त्याने तिच्याकडे बघितलं. "तेव्हा मी नाही म्हणालो, तरी ऐकशील?"

मन राखायला लगेच 'हो' म्हणता आलं असतं, आणि ते तिच्या तोंडात आलंही होतं.

"ऐकेन," ती नीट विचार करून म्हणाली. "पण मला खूप वाईट वाटेल."

"मग येईन बहुतेक," कुर्याच्चन म्हणाला.