त्रेचाळीस पाट्यांचं दार

"तुमच्यापैकी कोणाचाही यावर विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो," मामा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून असे ऐसपैस बसले, जणू समोर शंभर माणसं जमली आहेत. समोर होत्या दोघीच. टेबलापलीकडे चौकशी अधिकारी आणि तिच्या डाव्या हाताला स्टेनोबाई.

मामा निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली होती. कर खात्यात त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे वापरलं गेलं नव्हतं, सगळ्यांचे ते मामाच. त्यांच्या गोष्टींवर खात्याच्या तीन पिढ्यांनी चहा प्यायला होता. एका व्यापाऱ्याने चोरट्या हिशोबाची वही मधमाश्यांच्या पोळ्यात लपवली होती, ती मामांनी माश्यांशी गोडीगुलाबीने बोलून काढून आणली, ही त्यांतली जरा तरी पटण्यासारखी गोष्ट. लोक हसायचे, टाळी द्यायचे आणि कामाला लागायचे. गप्पांना कोणी पावती मागत नाही.

आज मात्र स्टेनोबाईंची बोटं कीबोर्डवर तयार होती. आज मामा जे बोलणार होते त्याला जबाब म्हणायचं होतं.

दार अर्धवट उघडं होतं. फटीतून बाहेरचा बाक दिसत होता आणि त्यावर बसलेल्या सेक्रेटरीबाई. जहाजांच्या त्या मोठ्या कंपनीच्या इथल्या कार्यालयाचं सगळं कागदोपत्री काम त्या पाहायच्या. सकाळी दहाला येऊन बसल्या होत्या, आता साडेचार वाजत आले होते. मांडीवरचा डबा त्यांनी अजून उघडला नव्हता. आत काय चाललंय ते त्यांना ठाऊक होतं. आज मामांच्या जबाबावर सह्या झाल्या, की खोटं शपथपत्र दिल्याबद्दल उद्या सेक्रेटरीबाईंवर फिर्याद. शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

सकाळीच साहेबांनी अधिकारीणबाईंना बोलावून घेतलं होतं.

"त्रेचाळीस उपकंपन्या! एकाच बेटावर, एकाच पत्त्यावर, आणि तिथे कर म्हणशील तर नावाला. अजून कसला पुरावा पाहिजे तुला?"

"साहेब, त्यातल्या छत्तीस म्हणजे छत्तीस जहाजं आहेत. एका जहाजाला एक कंपनी. उद्या एखादं जहाज आपटलं, तेल सांडलं, तर दावेदाराने त्या एका कंपनीच्या मागे लागावं, बाकीची पस्तीस जहाजं अडकू नयेत, म्हणून. कर्ज देणाऱ्या बँकाही तसंच मागतात."

"मग इथे का नाही काढल्या? आपल्या मातीला काय काटे आहेत?"

"कर कमी म्हणूनही तिथे गेले असतील, मी नाही म्हणत नाही. पण भागीदार तीन देशांतले. कोणालाच दुसऱ्याच्या घरचं कोर्ट नकोय. बेटावरचा कायदा बँकांच्या वकिलांना पाठ आहे, कंपनी चार दिवसांत उभी राहते. चार कंपन्या तर एक जुना धंदा विकत घेतला त्याच्यासोबत आल्या, हुंड्यात भांडी यावी तशा. नुसत्या पडून आहेत."

"म्हणजे सगळे धुतल्या तांदळासारखे?"

"तेही म्हणत नाही. राहिल्या तीन. एक समूहातच कर्ज देते, एक विमा उतरवते आणि एकीच्या नावावर ब्रँड आहे. त्या ब्रँडवालीकडे समूहाचा तिसरा हिस्सा नफा जातो आणि तिथे माणसं दोन. ती खणून काढू या ना! नफा कुठे दाखवलाय, काम कुठे होतं, निर्णय कोण घेतं, आपसांतले दर बाहेरच्या माणसाला लावले असते तसे आहेत का, हे बघू या. पाट्या मोजून यातलं काहीच कळत नाही. त्रेचाळीस असोत की एक. एका पाटीमागेही सगळा घोटाळा मावतो आणि त्रेचाळीसांमागे काहीही नसू शकतं."

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "ब्रँडला वर्ष लागेल. विम्याच्या प्रकरणाची मुदत आज संपते. इथून त्या विमा कंपनीला हप्ता जातो, तो आपण खर्च धरायचा नाही म्हणतोय, कारण ती कंपनी पोकळ आहे. सेक्रेटरीबाई शपथेवर सांगते, तिथे सात माणसं बसतात. मामा दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेत, ते म्हणतात, तिथे चिटपाखरू नव्हतं. दोघांतलं एक खोटं बोलतंय. मामांचा जबाब घे आणि सही कर. करायची नसेल तर का नाही ते लेखी दे. तो कागद मी नीट जपून ठेवीन."

शेवटचं वाक्य ते हसून म्हणाले होते. ते हसणं दिवसभर तिच्या मानेवर बसून होतं.

"तर बेटावर उतरलो," मामांनी सुरुवात केली, "तारीख एकोणीस सप्टेंबर. वारा असा, की माझी टोपी मला सोडून दुसऱ्या देशात गेली. तिला बहुधा तिथे करही लागत नसेल."

स्टेनोबाई फिसकन हसल्या. अधिकारीणबाईंनाही हसू आलं. याच माणसाने तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ताळेबंद उलटा वाचायला शिकवला होता, शेवटच्या टिपेपासून वर. "पोरी, लाज नेहमी तळटिपेत लपवतात," म्हणाले होते. त्या बेटावरून येताना त्यांनी सगळ्यांना शिंपले आणले होते. तिच्या वाट्याचा हा समोर कागदांवर वजन म्हणून ठेवलेला होता. मामा तेव्हा रापून तांबूस झाले होते.

"गल्ली अरुंद. टोकाला तीन मजली जुनी इमारत आणि तिला हिरवं दार. दाराच्या दोन्ही अंगांना पितळी पाट्या. बोट लावून मोजल्या. वरून खाली त्रेचाळीस, खालून वर त्रेचाळीस. पोरी, गल्लीत माणूस नाही. कुत्रं नाही. आणि पाट्या मात्र चकचकीत! मला विचारावंसं वाटलं, बाबांनो, तुम्हाला पुसतं कोण?"

कीबोर्ड टकटकत होता. तिने शिंपला बाजूला सरकवला आणि त्याखालचा लिफाफा उघडला. बेटाच्या कंपनी नोंदणी कार्यालयाकडे तिने महिन्यापूर्वी त्रेचाळीसही कंपन्यांचे उतारे मागवले होते, ते दुपारच्या टपालाने आले होते. ऐकता ऐकता ती पानं उलटू लागली.

"घंटी नाही. दार लोटलं तर आपोआप उघडलं. आत पाऊल टाकतो तो काय, टपालाचा ढीग, गुडघ्यापर्यंत. वर्षावर्षाची पत्रं, कोणी फोडलेली नाहीत. त्यातून वाट काढत जिना चढलो."

पहिला उतारा जहाजाच्या कंपनीचा. नोंदणीकृत पत्ता बदलला, अकरा जून. दुसरा जहाजाचा. पत्ता बदलला, अकरा जून. तिसरा, चौथा. ती भराभर पानं टाकू लागली. सगळ्यांचा पत्ता एकाच दिवशी बदलला होता. त्यात नवल काहीच नव्हतं. नोंदणीचा पत्ता मुळात कंपन्यांचा नव्हताच, त्यांचे कागद सांभाळणाऱ्या एजंटचा होता. एजंटने बिऱ्हाड हलवलं, की त्याच्याबरोबर त्रेचाळीसही हलल्या.

वर्ष तिने दोनदा वाचलं. मामा बेटावर गेले तेच वर्ष. सप्टेंबरच्या तीन महिने आधी.

"वर एकच खोली," मामांचा आवाज आता खाली उतरला होता. "खिडकीला फळ्या ठोकलेल्या. मध्ये एक खुर्ची. खुर्चीवर मांजर. लिहा हो बाई, मांजर! त्रेचाळीस कंपन्यांचा एकमेव कर्मचारी, तोही झोपलेला. मी हाक मारली, विमा कंपनीचं कोणी आहे का? माझाच आवाज परत आला. आणि मग, विश्वास बसणार नाही, कोपऱ्यातला टेलिफोन वाजू लागला. त्याला वायर नव्हती."

"मांजर लिहू का?" स्टेनोबाईंनी विचारलं.

"मांजर आणि टेलिफोन राहू द्या," मामा उदारपणे म्हणाले. "खोली रिकामी होती, सात माणसं तर सोडाच, सात पाऊलखुणा नव्हत्या, एवढं लिहा. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना विचारलं. अशी कंपनी कोणी ऐकलेली नाही."

गोष्ट अशी अलगद साक्ष झाली. मांजर बाजूला काढलं, टेलिफोन बाजूला काढला, आणि जे उरलं ते दोन वर्षांच्या तुरुंगाएवढं होतं.

पाट्या राहिल्या असतील, तिने मनाशी म्हटलं. एजंट गेला, पाट्या काढायच्या राहून गेल्या. असं होतं कधीकधी. तिला मनापासून वाटत होतं, की तसंच झालेलं असावं. तिने शेवटचं पान उलटलं. उताऱ्यांसोबत निबंधकाचं चार ओळींचं पत्र होतं, सरकारी पत्र असतं तसं कोरडं. विमा कंपनीचं कामकाजाचं कार्यालय बंदरामागे स्वतंत्र जागेत असून तिथल्या सात कर्मचाऱ्यांची विमा नियंत्रकाकडे नोंद आहे. आणि खाली: जुन्या पत्त्यावर टपाल पाठवू नये, सदर इमारत पालिकेने त्याच वर्षी जुलै महिन्यात पाडली आहे.

मामा कोणत्याच गल्लीत गेले नव्हते. जुन्या वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानावरून त्रेचाळीस नावं आणि पत्ता उतरवून घेतला होता, आणि चार दिवस वाळूत बसून शिंपले वेचले होते.

प्रिंटर कुरकुरला. दोन पानं बाहेर आली. स्टेनोबाईंनी ती मामांपुढे ठेवली.

दाराच्या फटीत सावली हलली. साहेब येऊन उभे होते, हातात फिर्यादीचा मसुदा. त्यांच्या मागे बाकावर सेक्रेटरीबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, डबा छातीशी धरून.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"झालंच की!" मामांनी खिशातून पेन काढलं. टोपण दातात धरून उघडलं. "शेवटचं एक सांगायचं राहिलं, पण ते लिहू नका. मी खाली आलो, रस्त्यावर पाय ठेवला आणि ते हिरवं दार माझ्या पाठीमागे आपोआप बंद झालं. धाडकन! अजून कधीकधी झोपेत ऐकू येतं. सही कुठे करायची, पोरी?"

तिने लिफाफ्यावर हात ठेवला. हात उचलायचा नाही, एवढंच करायचं होतं. कोणाला कळलं नसतं. मामांचं निवृत्तिवेतन राहिलं असतं, तिची खुर्ची राहिली असती, साहेब खूश झाले असते. उतारे तिनेच मागवले होते, तिच्या मेजाच्या खणात कायमचे राहू शकले असते.

पेनाचं टोक कागदाला टेकलं.

"मामा, थांबा," ती म्हणाली. बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "तुम्ही गेलात तेव्हा ते दार जागेवर नव्हतं. अख्खी इमारत जुलैमध्येच पाडली होती."