नाव कुणाचं घातलं?

एकाहत्तर साल असेल. आता पैसे पापणी लवायच्या आत पोचतात, तेव्हा ते टपालाच्या पिशवीतून सावकाश यायचे. नगरच्या बँकेत रोख भरली की तिथून श्रीरामपूरच्या शाखेला पत्र निघायचं, आणि ते पोचलं की मगच खात्यात जमा. लोकांना वाट बघता यायची, हे मात्र खरं.

बेलापूरचा मच्छिंद्र त्यातला नव्हता. वडील पुंजाराम गेल्या थंडीत वारले आणि गुळाचा व्यापार याच्या गळ्यात पडला. नगरचे गनीभाई वडिलांच्या वेळचे गिऱ्हाईक. त्यांचं कार्ड आलं होतं, ‘पैसे बँकेत भरलेत, नवा माल धाडा.’ मच्छिंद्रनं श्रीरामपूरच्या शाखेत तीनदा खेटे घातले, तरी खात्यात दमडी नाही.

तो चिडून उत्तर लिहायला बसला. ‘पैसे भरले म्हणता, जमा नाहीत. यापुढे रोखीशिवाय माल नाही.’ लिहिलेलं त्यानं आईला, मुक्ताबाईला, वाचून दाखवलं.

"हे धाडलंस तर त्यो मानूस पुन्ना आपली पायरी चढायचा न्हाई," ती म्हणाली. "आदी इचार तरी, कवा भरलं, कुनाच्या नावानं भरलं. तुझा बा हेच लिव्हायचा."

मच्छिंद्रला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. त्यानं नवं कार्ड घेतलं. ‘रक्कम अजून जमा नाही. कृपया बँकेची पावती पाठवावी, इथं चौकशी करतो.’

पावती आली. तारीख बरोबर, रक्कम बरोबर. नावाच्या जागी मात्र गनीभाईंच्या अक्षरात वडिलांचं नाव होतं. वीस वर्षं तेच नाव लिहिलेला हात आपसूक वळला होता. हा माणूस अंत्यविधीला आला होता, सगळ्यांच्या मागे उभा राहून रडला होता.

बँकेतले साहेब म्हणाले, "ते खातं तुम्हीच बंद केलंत ना? म्हणून रक्कम बाजूला ठेवलीय. पाठवणाऱ्यानं नगरला अर्ज देऊन नाव बदलायला हवं. तिथून पत्र आलं की तुमच्या खात्यात जमा करू."

म्हणजे वडिलांचं नाव काढा, माझं घाला, हे आता मच्छिंद्रनंच गनीभाईंना लिहायचं होतं. पहिलं पत्र रागानं सरसर लिहून झालं होतं, या तीन ओळींना त्याला सबंध दुपार लागली.

काही दिवसांनी पैसे जमा झाले. पाठोपाठ गनीभाईंचं कार्ड आलं. मच्छिंद्र ते आईला मोठ्यानं वाचू लागला.

‘चूक माझी, माफी असावी. अर्ज दिला. साहेब म्हणाले, जुन्या नावावर रेघ मारा आणि सही करा. सही मी केली. रेघ तेवढी त्यांना मारायला सांगितली.’

शेवटची ओळ त्याला एका दमात वाचता आली नाही. मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती म्हणाली, "गूळ चांगला बघून धाड."